‘म्हणून’ आलं की संयुक्त की मिश्र? वाक्यप्रकारात माझे मार्क इथेच जातात

केतकी_प

सरळसेवा भरतीची तयारी करतेय. दिवसा मेडिकलच्या दुकानात काम, रात्री अभ्यास, त्यामुळे क्लास लावलेला नाही. जमेल तेवढे सराव पेपर सोडवते. मराठीच्या प्रश्नांत केवल वाक्य आता ओळखता येतं, पण संयुक्त आणि मिश्र यांत गोंधळ होतो. त्यातही एका शब्दाने जीव खाल्लाय.

कालच्या पेपरात दोन प्रश्न होते:

१) गाडी चुकली म्हणून आम्ही स्टँडवरच मुक्काम केला.
२) गाडी चुकू नये म्हणून आम्ही पहाटेच निघालो.

मी दोन्हीला ‘संयुक्त’ लिहिलं. उत्तरतालिकेत पहिलं संयुक्त आणि दुसरं मिश्र. जोडणारा शब्द तोच, जागा तीच, गाडीसुद्धा तीच! मग फरक कुठून आला? छापताना चुकलं असेल म्हणून सोडून देणार होते, पण दुसऱ्या एका पेपरातही असंच निघालं.

झटपट_बंडू

ताई, सोपं आहे. आधी क्रियापदं मोजायची. एक असेल तर केवल. दोन असतील तर जोडशब्द बघायचा. आणि, व, पण, परंतु, किंवा, म्हणून आले की संयुक्त. की, कारण, जर-तर, जरी-तरी, जो-तो आले की मिश्र. मी हे कार्डावर लिहून आरशाला चिकटवलंय. दुसऱ्या प्रश्नाची तालिका चुकलीय, हरकत घ्या.

मस्कतकर

माझ्या मुलाचाही हाच धडा चालू आहे, म्हणून धागा उघडला. पण वाक्याचे प्रकार म्हणजे विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी, आज्ञार्थी असे ना? ‘गाडी चुकू नये’ हे मला विध्यर्थी वाटतंय. यात संयुक्त कुठून आलं?

खडूफळा

मस्कतकर, ती वाटणी वेगळी. वाक्य काय सांगतंय, विचारतंय की हुकूम सोडतंय, यावरून ती होते. इथे प्रश्न आहे वाक्यात विधानं किती आणि ती एकमेकांना कशी बांधलीत, हा. एकच वाक्य प्रश्नार्थीही असतं आणि मिश्रही: “तो येणार आहे की नाही हे तुला कोणी सांगितलं?” मुलाच्या पुस्तकात दोन्ही धडे बहुधा शेजारी शेजारी असतील, म्हणून गल्लत झाली असेल. तरी तुम्ही चुकून का होईना, दुसऱ्या वाक्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. ‘चुकू नये’ हे क्रियापदाचं रूपच इथे महत्त्वाचं आहे.

केतकी, तुझी तालिका बरोबर आहे. बंडू, तुझं कार्ड नव्वद टक्के चालेल. उरलेल्या दहा टक्क्यांत पेपर काढणारा तुझी वाट बघत बसलेला असतो.

पहिल्या वाक्यात गाडी खरोखर चुकली. हे घडलं. त्याचा परिणाम म्हणून मुक्काम पडला, तोही घडला. दोन घडलेल्या गोष्टी, दोन्ही आपल्या पायांवर उभ्या. आता मधे पूर्णविराम दे: “गाडी चुकली. म्हणून आम्ही स्टँडवरच मुक्काम केला.” काही बिघडलं नाही.

दुसऱ्यात देऊन बघ: “गाडी चुकू नये.” हे काय झालं? कोणाला सांगतोय, का सांगतोय, काही कळत नाही. वाक्य अर्धवट लोंबकळतं. ते पुढच्या ‘निघालो’ला टेकून उभं आहे. पहाटे का निघालो, त्याचा हेतू ते सांगतं. टेकून उभं राहणारं ते गौण, ज्याला टेकलं ते मुख्य, आणि अशी जोडी झाली की वाक्य मिश्र. म्हणजे पहिला ‘म्हणून’ परिणाम सांगतो आणि दुसरा उद्देश.

झटपट_बंडू

बाई, कळलं! कार्डावर भर घालतो. क्रियापदाला ‘-वा, -वी, -वे’ किंवा ‘नये’ असेल आणि पुढे ‘म्हणून’ असेल तर मिश्र. बाकी सगळीकडे संयुक्त. पक्कं?

खडूफळा

पक्कं नाही. हे घे: “वरचे पैसे द्यावे लागले म्हणून तो चिडला.”

झटपट_बंडू

‘द्यावे’ आहे. मिश्र.

खडूफळा

चुकलास. ‘द्यावे’ एकटं नाही, ‘द्यावे लागले’ असं आहे. पैसे गेले, घडून गेलं, आणि परिणामी तो चिडला. उत्तर संयुक्त. क्रियापदाची शेपटी नुसती पाहायची नसते, पूर्ण क्रियापद वाचायचं.

वर्गात मी एक साधी युक्ती द्यायचे. ‘म्हणून’ काढून तिथे ‘त्यामुळे’ घाल.

“गाडी चुकली, त्यामुळे मुक्काम केला.” चाललं.
“पैसे द्यावे लागले, त्यामुळे तो चिडला.” चाललं.
“गाडी चुकू नये, त्यामुळे पहाटे निघालो.” कानाला खटकलं ना?

खटकलं तिथे ‘यासाठी की’ घालून वाक्य फिरवायचं: “आम्ही पहाटेच निघालो, यासाठी की गाडी चुकू नये.” हे बसलं की उद्देश, म्हणजे मिश्र. हल्ली मुलं ‘त्यामुळे’ वाटेल तिथे टाकतात, त्यामुळे काहींच्या कानाला खटकतच नाही. त्यांच्यासाठी पूर्णविरामाची युक्ती बरी.

केतकी_प

बाई, हे कोणीच असं सांगितलं नव्हतं. जुने पेपर काढून ‘म्हणून’ची सगळी वाक्यं एका वहीत उतरवली. अकरा निघाली. युक्ती लावल्यावर नऊ तालिकेशी जुळली. न जुळलेली दोन ही:

“ती आमच्या कार्यालयात लेखनिक म्हणून काम करते.”
“एवढं म्हणून आजी उठली.”

दोन्हींचं उत्तर केवल दिलंय. मी दोन्हींना संयुक्त म्हटलं होतं, कारण ‘म्हणून’ दिसला.

खडूफळा

दिसला की धावत सुटायचं नाही! आधी विचारायचं, हा शब्द दोन वाक्यं जोडतोय का?

पहिल्यात क्रियापद एकच, ‘करते’. ‘लेखनिक म्हणून’ म्हणजे लेखनिकाच्या नात्याने. जोडायला दुसरं वाक्यच नाही. दुसऱ्यातला ‘म्हणून’ तर जोडशब्दच नव्हे. तो ‘म्हणणे’ या क्रियापदापासून आला, जसं ‘बसून’, ‘उठून’, ‘जेवून’. “एवढं बोलून आजी उठली” असं करून बघ, लगेच दिसेल. ‘-ऊन’वालं रूप वाक्य पुरं करत नाही, म्हणून ते मोजायचं नाही. ‘-ताना’, ‘-ल्यावर’, ‘-ल्यामुळे’ यांनाही तोच न्याय. “गाडी चुकल्यामुळे आम्ही स्टँडवरच मुक्काम केला” हे केवल. अर्थ तुझ्या पहिल्या वाक्याचाच आहे, पण पुरं क्रियापद एकच उरलं.

वऱ्हाडी_ठेचा

मोजणीवरून आठवलं. आमच्या मित्रमंडळात यावरून भांडणं झाली आहेत. “राम पुण्याला गेला आणि श्याम नाशिकला.” क्रियापद एकदाच लिहिलंय, मग बंडूच्या हिशोबाने केवल. पण उत्तर संयुक्त. श्यामच्या पुढचं ‘गेला’ गिळलंय, ते मोजायला लागते. उलट “राम आणि श्याम पुण्याला गेले” यात ‘आणि’ दिसते, पण तो दोन नावं जोडते, वाक्यं नाही. हे केवल. आमच्या एका गड्याचे दोन मार्क ह्यातच गेले अन् तो अजून ‘आणि’ला शिव्या देते.

आता माझी केस ऐका. एका भरतीत प्रश्न होता: “पाऊस पडत होता तरी सामना सुरू राहिला.” मी संयुक्त लिहिलं. तालिकेत मिश्र. मी हरकत घेतली, पैसे भरले, पुस्तकाचं पान जोडलं. काही बदल नाही झाला. बाईंचा पूर्णविराम लावून सांगा: “पाऊस पडत होता. तरी सामना सुरू राहिला.” मस्त उभं राहते! मग मिश्र कसं?

खडूफळा

तालिकावाल्यांचं म्हणणं असं असणार की इथे ‘जरी’ लपलेला आहे: “जरी पाऊस पडत होता तरी सामना सुरू राहिला.” जरी-तरीची जोडी आली की पहिलं वाक्य गौण, म्हणून मिश्र. हे मला समजतं. पण न लिहिलेला शब्द मनाने घालून उत्तर ठरवायचं, तर ‘तरी’च्या जागी ‘पण’ घालून संयुक्तही ठरवता येईल. तुमच्या हरकतीत दम होता. परीक्षेत असं वाक्य आलं तर मी मिश्रवर खूण करेन, पण ते केवळ तालिकांचा कल पाहून. मनापासून नाही.

भाषिक_भटक्या

उशिरा आलो. बाईंच्या युक्त्या परीक्षेला उत्तम, पण मूळ दाव्यावरच माझा आक्षेप आहे. “गाडी चुकली म्हणून आम्ही मुक्काम केला” हे संयुक्त आहे हेच मला मान्य नाही.

‘पण’ घेऊ. “गाडी चुकली पण आम्ही मुक्काम केला नाही.” यातला ‘आम्ही’ पुढे आणा: “आम्ही गाडी चुकली पण मुक्काम केला नाही.” मराठी माणूस असं बोलणार नाही. आता ‘म्हणून’वाल्यात तेच करा: “आम्ही गाडी चुकली म्हणून मुक्काम केला.” अगदी सहज बोलतो. म्हणजे ‘गाडी चुकली म्हणून’ हा अख्खा तुकडा कर्ता आणि क्रियापद यांच्या मधे जाऊन बसतो. शेवटीही जातो: “मुक्काम केला, गाडी चुकली म्हणून.” आणि कोणी “मुक्काम का केला?” विचारलं तर आपण म्हणतो, “गाडी चुकली म्हणून.” ‘म्हणून’ पहिल्या वाक्याला चिकटून आला, दुसऱ्याला नाही.

जो तुकडा असा उचलून कुठेही ठेवता येतो आणि ‘का’ला उत्तर देतो, तो गौणच. मग उद्देशवाला मिश्र आणि परिणामवाला संयुक्त, हा भेद मानायचं कारण काय?

झटपट_बंडू

भटक्यादादा, परीक्षा दोन आठवड्यांवर आलीय. आमच्या डोक्याला नका ताप देऊ.

खडूफळा

बंडू, थांब. ते बोलतायत त्यात तथ्य आहे, आणि मी ते वर्गात कधी बोलले नाही हेही खरं.

भटक्या, मी बोलून पाहिलं. हे वाक्य दोन तऱ्हांनी म्हणता येतं. “गाडी चुकली म्हणून // मुक्काम केला.” इथे थांबा ‘म्हणून’च्या नंतर. ही तुमची तऱ्हा, आणि यात पहिलं वाक्य कारणासारखं वागतं हे मान्य. दुसरी: “गाडी चुकली // म्हणून मुक्काम केला.” इथे थांबा आधी, आणि ‘म्हणून’ पुढच्या वाक्यासोबत गेला. माझा पूर्णविराम फक्त या दुसऱ्या तऱ्हेत बसतो. व्याकरणाच्या पुस्तकांनी ही दुसरी तऱ्हा धरून ‘म्हणून’ला ‘सबब’, ‘यास्तव’, ‘तेव्हा’ यांच्या पंगतीत बसवलं. सबब किंवा यास्तवला मात्र तुमच्यासारखं उचलता येत नाही. “आम्ही गाडी चुकली सबब मुक्काम केला” हे कचेरीतला जुना कारकूनसुद्धा लिहिणार नाही.

उद्देशवाल्यात मात्र थांबा फक्त नंतरच येतो. “गाडी चुकू नये // म्हणून पहाटे निघालो” असं तोडून म्हटलं की बिघडतं. म्हणजे भेद आहे, पण पुस्तकं सांगतात तिथे तो पुरता नाही.

भाषिक_भटक्या

हा थांब्याचा मुद्दा आवडला. मग पेपर काढणाऱ्याने ‘म्हणून’च्या आधी स्वल्पविराम दिला तर संयुक्त आणि नाही दिला तर… केतकीच्या पेपरात स्वल्पविराम नव्हता ना?

केतकी_प

नव्हता. एकाही वाक्यात नव्हता. माझ्या वहीतल्या अकरांपैकी फक्त एकात होता, आणि तोही ‘म्हणून’च्या नंतर. 😀

खडूफळा

मग परीक्षेपुरतं घडलेलं की योजलेलं, एवढंच बघ. घडलेल्या गोष्टीचा परिणाम असेल तर संयुक्त, योजलेला हेतू असेल तर मिश्र. तालिका त्याच रुळावर चालतात.

मस्कतकर

माझा मुलगा बाजूला बसून वाचतोय. त्याच्या गृहपाठात एकच आशय तिन्ही प्रकारांत लिहायचा आहे. त्याने “पाऊस पडल्यामुळे शाळा भरली नाही” हे केवल लिहिलं, “पाऊस पडला म्हणून शाळा भरली नाही” हे संयुक्त. मिश्रला तो “पाऊस पडू नये म्हणून शाळा भरली नाही” असं लिहून बसलाय.

वऱ्हाडी_ठेचा

पोरगं हुशार आहे! शाळा न भरवून पाऊस थांबवते.

खडूफळा

मिश्र झालंय हो, पण आशयच बदलला. त्याला सांगा, अर्थ तोच ठेवायचा असेल तर ‘कारण’ घे आणि क्रम उलटा कर: “शाळा भरली नाही, कारण पाऊस पडला.” हे मिश्र धरतात. इथे भटक्या हसत असतील, कारण म्हणूनवालं आणि कारणवालं अर्थाने जुळे भाऊ, आणि पुस्तक एकाला एका घरात ठेवतं आणि दुसऱ्याला दुसऱ्या. मुलाला सध्या एवढंच सांगा की प्रकार अर्थावरून नाही, बांधणीवरून ठरतो.

भाषिक_भटक्या

हसतोय खरा. अर्थ आणि बांधणी किती वेगळ्या वाटेने जातात याचा सगळ्यात चांगला नमुना म्हण आहे: “पी हळद नि हो गोरी.” मधे ‘नि’, दोन आज्ञार्थी क्रियापदं, बांधणी सरळ संयुक्त. अर्थ मात्र जर-तरचा: हळद पिताक्षणी गोरी होशील अशी घाई. परीक्षेत मिश्र लिहिलं तर चूक.

आणि “ज्याचं जळतं त्याला कळतं” मधे जोडशब्द कोणता विचारला तर मुलं आणि, पण, की शोधत बसतात. तिथे जोडणी ‘ज्याचं-त्याला’ या सर्वनामांनीच होते. उभयान्वयी अव्यय एकही नाही, तरी मिश्र.

झटपट_बंडू

जो-तो माझ्या कार्डावर आहे. त्यावर तरी काही बोलू नका.

भाषिक_भटक्या

“जो तो आपापल्या घाईत आहे.”

झटपट_बंडू

मिश्र… थांबा. क्रियापद एकच. ‘जो तो’ म्हणजे प्रत्येक जण. केवल!!! कार्ड फाडतो.

वऱ्हाडी_ठेचा

फाडू नको, मागची बाजू कोरी आहे ना, तिकडे लिही.

केतकी_प

आज दुकानात गर्दी नव्हती, म्हणून पुन्हा सगळं वाचलं. (हे संयुक्त. थांबा आधी आहे, स्वल्पविरामही दिलाय.) बारा नवीन वाक्यं सोडवली. अकरा बरोबर आली. अडकलेलं एक:

“तू येणार म्हणून मी थांबले.”

येणं अजून घडलेलं नाही, म्हणून मी योजलेलं धरलं आणि मिश्र लिहिलं. उत्तर संयुक्त आहे.

खडूफळा

‘त्यामुळे’ लाव: “तू येणार होतास, त्यामुळे मी थांबले.” बसतं. तू यावास हा थांबण्याचा हेतू नाही. तू येणार हे ठरलेलंच होतं, आणि ते कारण. येणं घडलं नव्हतं, पण ‘तू येणार’ ही बातमी पक्की होती. हेतू असता तर “तू यावास म्हणून मी थांबले” असं झालं असतं, आणि ते मिश्र. घडलेलं आणि योजलेलं ही माझी विभागणी इथे थोडी तोकडी पडली, हे कबूल.

भाषिक_भटक्या

माझ्या मते हेही मिश्र. पण तुझे मार्क मी देणार नाही, त्यामुळे बाईंचं ऐक.

केतकी_प

ऐकते. 🙂 जाता जाता शेवटचं एक. एका गिऱ्हाईक काकूंचं बोलणं आहे, पेपरातलं नाही:

“तू सांगितलंस म्हणून याच दुकानात आले, नाहीतर आले नसते.”

यात ‘म्हणून’ही आहे आणि ‘नाहीतर’ही. कोणतं धरायचं?

झटपट_बंडू

क्रियापदं तीन. सांगितलंस, आले, आले नसते. संयुक्त!

भाषिक_भटक्या

‘नाहीतर’च्या पोटात एक अख्खं वाक्य दडलंय: “तू सांगितलं नसतंस तर”. ते मोजलं तर चार होतात आणि मग मिश्र.

वऱ्हाडी_ठेचा

पर्यायात “संयुक्त व मिश्र दोन्ही” देतात काय कुठे?

खडूफळा

माझ्या पाहण्यात तरी नाही. दळण आणायला निघाले आहे, गिरणी बंद होईल. रात्री बघते.